छातीत दुखतंय: उसण, पित्त की हृदय, हे कसं ओळखावं

खानापूर भागात मी पंचवीस वर्षं दवाखाना चालवतोय. चाळिशी-पन्नाशीचा माणूस छाती धरून आला की सोबतच्या मंडळींनी निदान घरूनच आणलेलं असतं: 'डॉक्टर, गॅसच आसंल.' तेव्हा ठरवण्याचा माझा क्रम सांगतो.

सगळ्यात आधी दुखण्याकडे नाही, माणसाकडे बघा. दरदरून थंड घाम, धाप, चेहरा पांढराफटक, कळ जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरलेली, यांतलं एक जरी असलं तर पुढचं काही वाचू नका, निघा.

उसण ओळखणं सोपं. दुखतं कुठे, हे माणूस एका बोटानं दाखवतो. तिथे दाबलं, कूस बदलली किंवा खोल श्वास घेतला की नेमकी तीच कळ येते, आणि काल-परवा पोती उचलल्याचं किंवा ऊस भरल्याचं कारणही सापडतं. तिन्ही जुळलं तरच उसण म्हणा. हृदयाचं दुखणं माणूस बोटानं दाखवत नाही. तो सगळा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो आणि 'पाटा ठेवल्यागत झालंय' म्हणतो. कित्येक जण तर 'दुखत नाही, नुसतं दाटलंय' म्हणतात.

खरी गोची पित्ताची. इथे मी स्वतः फसलोय.

पन्नाशीचा शेतकरी, आठ वर्षांची शुगर, तंबाखूची सवय. रात्री नऊला आला. भाकरी-ठेचा खाऊन झाला होता आणि बेंबीच्या वर जळजळत होतं. मी पित्ताचं पातळ औषध पाजलं. दोन ढेकर आले, 'बरं वाटलं' म्हणाला, मी घरी पाठवला. पहाटे तीनला उलट्या करत, घामानं भिजून परत आला. ईसीजीत हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका स्पष्ट दिसत होता. ती बाजू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेली असते आणि हृदय व जठर यांच्या वेदना मेंदूकडे जवळपास एकाच वाटेनं जातात. म्हणून झटका जळजळ होऊन येतो, ओकारी होऊन येतो. तो माणूस वाचला, पण माझं नशीब म्हणून.

तेव्हापासून औषधानं बरं वाटणं याला मी पुरावा मानत नाही. हृदयाची कळ आपोआप कमी-जास्त होते. नेमकी त्याच वेळी इनो पोटात गेलेली असली की श्रेय इनोला मिळतं. ढेकराचंही तसंच.

त्या रात्री मी एक प्रश्न विचारायला हवा होता: 'चढ चढताना होतं का?' नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं, आठवडाभर गवताचा भारा घेऊन चढ चढताना तीच जळजळ व्हायची आणि पाच मिनिटं टेकलं की थांबायची. पित्त असं वागत नाही. ते जेवण, वाकणं, आडवं होणं यांच्याशी बांधलेलं असतं, तोंडात आंबट पाणी येतं आणि वर्षानुवर्षांची ओळख असते. श्रमानं येणारी, थांबल्यावर जाणारी जळजळ हृदयाची समजा, मग ती पोटात का असेना. चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच 'पित्त' झालं असेल तर तेही ईसीजीशिवाय पित्त मानू नका.

जुनी शुगर असेल तर हेही निकष ढिले पडतात. नसा बोथट झालेल्या असतात, कळ जाणवतच नाही. नुसती धाप किंवा नुसता घाम येतो. बायकांमध्येही पुष्कळदा थकवा, पाठदुखी आणि मळमळ एवढंच असतं, आणि घरातले 'दगदग झाली' म्हणून झोपवतात.

संशय आला की 108 ला फोन. साध्या ॲस्पिरिनची 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. ॲलर्जी, पोटात रक्तस्राव किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ असेल तर देऊ नका. शेजाऱ्याच्या डब्यातली जिभेखालची गोळी तर मुळीच नको, रक्तदाब उतरलेला असला तर माणूस जागीच कोसळतो. रुग्णाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. बेळगावचा नामांकित दवाखाना गाठायचा म्हणून तालुक्याचं सरकारी रुग्णालय ओलांडूनही जाऊ नका. 2021 मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी हृदयविकारानं गेले. त्यांच्या नावाच्या 'हृदय ज्योती' योजनेत कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून तज्ज्ञांना पाठवतात आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देतात. तुमच्या तालुक्यात ते कुठे मिळतं, आजच विचारून ठेवा.

तिथे पहिला ईसीजी चांगला आला म्हणून चपला घालू नका. सुरुवातीच्या तासात तो साफ चांगला दिसू शकतो, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात. दुखणं चालू असेल तर अर्ध्या तासाच्या आत दुसरा ईसीजी काढायला सांगा, ट्रोपोनिन पुन्हा तपासायला सांगा, आणि तोवर तिथेच बसून राहा.