कीटकपेटीतल्या या चुका टाळा: लेबल, बरणी आणि टाचणी

दरवर्षी फेब्रुवारीत आमच्या विभागात कीटकपेट्या जमा होतात. लाकडी चौकट, वर काच, आत थर्माकोल आणि त्यावर पन्नासेक कीटक. दुरून पेटी छान दिसते. झाकण उघडलं की मी कीटक बघत नाही, आधी त्यांच्याखालचे कागद बघते. निम्म्या पेट्यांत एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत लिहिलेली पन्नास लेबलं असतात. सगळ्यांवर ‘नागपूर’. तिथेच कळतं की पोराने लेबलं आदल्या रात्री जागून लिहिली आहेत.

लेबल ‘मग लिहू’ म्हणणं ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक. वाकडी टाचणी सरळ करता येते, तुटलेला पाय चिकटवता येतो. कीटक कुठे आणि कधी सापडला हे मात्र एकदा गेलं की गेलं.

आमच्या संग्रहात सहा मोठे पतंग होते. संत्रीवाले ज्यांना ‘रस शोषणारा पतंग’ म्हणतात ते. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे भडक नारिंगी. चार युडोसिमा मटेर्ना, ज्यांच्या मागच्या पंखाच्या मधोमध गोल काळा ठिपका असतो, आणि दोन युडोसिमा फॅलोनिया, ज्यांच्यात त्याच जागी स्वल्पविरामासारखा वाकडा काळा डाग असतो. सुंदर ताणलेले, एकही पंख फाटलेला नाही. ते आणणारा पोरगा काटोलचा. काही पतंग त्याने मामाच्या बागेत रात्री बॅटरी घेऊन संत्र्यांवरून उचलले होते, काही वसतिगृहाच्या दिव्याखाली सापडले होते. सगळे एकाच डब्यात ठेवले आणि लेबल लावलं ‘नागपूर’.

दोन वर्षांनी विभागातल्या एका मुलीने आंबिया बहराच्या फळांवरच्या किडींचा प्रकल्प घेतला. तिला एवढंच हवं होतं की यातला कोणता पतंग फळावर बसलेला असताना पकडला आणि कोणत्या तारखेला. या पतंगाची सोंड इतकी कडक असते की तो पिकत्या संत्र्याला थेट भोक पाडतो. फळ तिथून सडतं आणि गळतं. अळ्या मात्र संत्र्यावर वाढत नाहीत, बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणजे शहरातल्या दिव्यावर आलेला पतंग बागेबद्दल काहीच सांगत नाही, फळावरून उचललेला सांगतो. मी त्या पोराला फोन लावला.

‘‘मॅडम, दोन तं वसतिगृहातलेच होते. का तीन होते?’’

‘‘आणि तारीख?’’

‘‘मारबतीच्या आसपास. आधी का नंतर, आता नाही सांगता येत.’’

सहाही पतंग त्या कामासाठी बाद. ते आता सरावाच्या खोक्यात आहेत. पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्यावर पंख ताणायला शिकतात.

म्हणून माझी सवय अशी: कीटक मारायची बरणी उघडण्याआधी कागद लिहिते. पतंग-फुलपाखरांसाठी आयताकृती कागद तिरका दुमडून त्रिकोणी पुडी करायची. पुडी रिकामी असतानाच तिच्या कडेवर शिसपेन्सिलीने जागा, तारीख, वेळ आणि ‘कशावर’ हे लिहायचं, मगच कीटक आत. पेन नको. श्रावणातल्या एका सरीत माझ्या एका वहीची अख्खी पानं निळी झाली होती, तेव्हापासून शिसपेन्सिल. एका पुडीत एकाच जागेचे, एकाच दिवसाचे कीटक. पुड्या संपल्या तर त्या दिवशीचं गोळा करणंही संपलं.

त्या पतंगाचं लेबल असं असायला हवं होतं: ‘भारत, महाराष्ट्र, नागपूर जि., काटोल, 21.27 उ. 78.58 पू., 14 सप्टेंबर 2019, रात्री, संत्र्याच्या फळावर’ आणि शेवटी पकडणाऱ्याचं नाव. तारीख मी उदाहरणादाखल घातली आहे. अक्षांश-रेखांश फोनमध्ये मिळतात. दोन दशांश स्थळांनी गाव कळतं, चार घेतले तर झाडापर्यंत पोचता येतं. तारीख नुसती 5/9 अशी लिहू नका, कोणी ती नऊ मे वाचतं. संग्रहालयात महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे ती यासाठीच. कीटकाचं नाव या लेबलवर येत नाही. ते वेगळ्या कागदावर, याच्या खाली, ओळखणाऱ्याच्या नावासकट. नाव उद्या चुकीचं ठरू शकतं, जागा आणि तारीख चुकीची ठरत नाही. बहुतेक पोरं नेमकं उलटं करतात: शास्त्रीय नाव ठळक अक्षरात आणि जागेचा पत्ता नाही.

कागद जाडसर, आम्लरहित. छपाई लेझर प्रिंटरवर, अक्षर चार पॉइंटचं. साध्या इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते. कुपीतल्या अल्कोहोलमध्ये ठेवायच्या कीटकाचं लेबल कुपीच्या आतच टाका, शिसपेन्सिलीने लिहून. बाहेर चिकटवलेलं लेबल दोन पावसाळ्यांत गळून पडतं.

दुसरी चूक त्या मारायच्या बरणीची, म्हणजे किलिंग बॉटलची, आणि तिचं मूळ निव्वळ घाईत आहे. कीटक हलायचा थांबला म्हणजे मेला असं नसतं. इथाइल अ‍ॅसिटेटच्या वाफेने तो आधी बेशुद्ध होतो. डास-माशी काही मिनिटांत संपते, पण जाड अंगाचा भुंगा तासभरही तग धरतो. एका मुलाने गेंडा भुंगा वीस मिनिटांत काढला, टोचला आणि पेटीत लावून घरी गेला. सकाळी भुंगा टाचणीसकट थर्माकोलमधून सुटून पेटीभर फिरलेला. शेजारच्या दोन चतुरांची डोकी गळालेली, एका नाकतोड्याचे मागचे पाय कोपऱ्यात. त्या मुलाला पेटी पुन्हा भरावी लागली, आणि मलाही भुंग्याबद्दल वाईट वाटलं. मारायचंच असेल तर नीट मारा, अर्धवट नको.

बरणी रुंद तोंडाची, काचेची. तळाशी साधारण दोन सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ते दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. मग त्यावर इथाइल अ‍ॅसिटेट ओता, प्लास्टरने पिऊन झालं की वर उरलेलं काढून टाका. तळ ओला चमकत असेल तर जास्त झालं आहे, आणि त्यात टाकलेल्या मधमाशीची लव भिजून चिकटणार. वर चुरगळलेला टिश्यू पेपर घाला, म्हणजे कीटक एकमेकांवर आपटत नाहीत आणि घामासारखा ओलावा कागद ओढून घेतो. कडक पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरू नका, या द्रावकाने तो पांढरा पडतो, तडकतो. थर्माकोल तर विरघळतोच, म्हणून बरणी आणि पेटी एका टेबलावर नको. बरणी बाहेर किंवा खिडकीजवळ उघडा, काडेपेटीपासून लांब. पतंग-फुलपाखरांची बरणी वेगळी, कारण त्यांचे खवले बाकी सगळ्यांच्या अंगावर बसतात. आणि सायनाइडचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. जुन्या लोकांनी वापरलं असेल, तुम्हाला गरज नाही.

मी स्वतः आता बहुतेक वेळा पुडी डब्यात घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवते, किमान एक रात्र, मोठा भुंगा असेल तर दोन. घरच्यांची कटकट होते, पण कीटक मऊ राहतो आणि हिरवे-पिवळे रंग बरणीतल्यासारखे बिघडत नाहीत. अळ्या, वाळवी, मावा यांना यातलं काहीच चालत नाही, ते थेट 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये.

आता टाचणी. शिंप्याच्या टाचण्या वापरू नका, त्या गंजतात. पितळी टाचणीवर कीटकाच्या चरबीमुळे हिरवा थर चढतो आणि तो शरीर आतून फोडतो. स्टेनलेस स्टीलच्या कीटक-टाचण्या घ्या, 2 किंवा 3 क्रमांकाच्या, बहुतेकांना पुरतात.

टोचायची जागा हा अगदी साधा नियम आहे, तरी निम्म्या पेट्यांत चुकलेला असतो. पोरं भुंग्याला बरोबर मधोमध, दोन कवचपंखांच्या सांध्यात टोचतात. वाळताना ते पंख दोन बाजूंना फाकतात आणि कीटक उघड्या पेटीसारखा दिसतो. भुंगा उजव्या कवचपंखात, पुढच्या भागात टोचायचा, टाचणी खाली मधल्या आणि मागच्या पायाच्या मधून, पायाचं बूड न फोडता निघाली पाहिजे. ढेकणांच्या जातीचे कीटक पाठीवरच्या त्रिकोणी ढालीत, मधल्या रेषेच्या उजवीकडे. नाकतोडा मानेमागच्या खोगिराच्या मागच्या भागात, उजवीकडे. माशी आणि मधमाशीही छातीच्या उजव्या बाजूला. उजवीकडेच का, तर ओळखायच्या खुणा बऱ्याचदा मधल्या रेषेवर असतात, आणि टाचणीने एक बाजू खराब झाली तरी डावी शाबूत राहते. पतंग, फुलपाखरू, चतुर मात्र छातीच्या मधोमध. वर टाचणीचा साधारण चौथा भाग मोकळा सोडा, बोटांना धरायला. सगळे कीटक एका उंचीवर यावेत म्हणून तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा वापरा. सुताराने तो मला अर्ध्या तासात करून दिला.

टाचणीने फुटेल एवढा छोटा कीटक कागदी त्रिकोणाच्या टोकाला त्याच्या उजव्या बाजूने चिकटवा. गोंद पाण्यात सुटणारा हवा, झटपट चिकटणारा नको. त्याने चिकटवलेला कीटक पुन्हा कधीच सुटत नाही.

मे महिन्यात नागपुरात कीटक दुपारपर्यंत पापडासारखा होतो. तसाच टोचायला गेलात तर पाय हातात येतात. तो आधी मऊ करायचा: झाकणबंद डब्यात ओली वाळू, तिच्यावर प्लास्टिकची जाळी, बुरशी येऊ नये म्हणून फिनॉलचे दोन-तीन खडे, आणि एक ते तीन दिवस थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं, रोज उघडून बोटाने दाबून बघायचं नाही. पावसाळ्यात उलट. ताणपाटीवरचा पतंग चार दिवसांत वाळलाय असं वाटतं, पण काढला की पंख खाली पडतात. जाड पोटाच्या पतंगाला मी पूर्ण दोन आठवडे देते, तेही दिव्याच्या उबेत.

जंगलात जाळी घेऊन शिरण्याआधी परवानगी घ्या. काही फुलपाखरं आणि भुंगे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या परिशिष्टांत आहेत.

घरून आणलेली कोणतीही पेटी संग्रहाच्या कपाटात थेट जात नाही. ती पिशवीत घट्ट बांधून उणे 20 अंशाच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवते, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही, नाहीतर आत पाणी धरतं. नंतर महिन्यातून एकदा काचेतून पाहते. कीटकाखाली तपकिरी पूड दिसली, किंवा केसाळ सालपटं दिसली, तर कीटक खाणाऱ्या छोट्या भुंग्याच्या अळ्या आत आहेत आणि पेटी पुन्हा फ्रीजरमध्ये जाते. गेल्या जुलैत एका पेटीत अशी पूड सापडली. पन्नासांपैकी अकरा कीटक पोकळ झाले होते. लेबलं तेवढी शाबूत होती, आणि त्या अकराही कागदांवर एकच शब्द होता: ‘नागपूर’.