सर्व्हे अर्ध्यावर थांबवून मुलाखतींकडे वळायचंय? गाईडना मेल असा लिहा

"मॅडम, सर्व्हेला प्रतिसाद येत नाहीये, त्याऐवजी मुलाखती घेतल्या तर चालतील का?" अशा एका ओळीचा मेल जवळजवळ दरवर्षी माझ्याकडे येतो, तोही सबमिशनला तीन-साडेतीन महिने उरलेले असताना. मी उत्तरात "का?" एवढंच विचारते. मग आठवडाभर मेलामेली चालते आणि त्या मुलीचा आठवडा फुकट जातो. तिचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं, पण मेलमधून ते दिसत नाही.

हा मेल कसा लिहायचा ते एका उदाहरणावरून बघू. समजा, एका विद्यार्थिनीचा विषय आहे बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरीवर परतणाऱ्या स्त्रिया. ऑफिसमधल्या सोयी आणि परतण्याचा निर्णय यांचा संबंध तिला तपासायचा होता. तिने ३२ प्रश्नांची ऑनलाइन प्रश्नावली केली आणि १२० उत्तरांचं लक्ष्य ठेवलं. पाच आठवड्यांत ४१ जणींनी प्रश्नावली उघडली आणि २६ जणींनी ती शेवटपर्यंत भरली. सबमिशनला १४ आठवडे उरले आहेत.

लिहायला बसण्याआधी एक प्रश्न

उद्या सकाळी उरलेली ९४ उत्तरं आपोआप आली, तरी मुलाखती घ्याव्याशा वाटतील का?

उत्तर "नाही" असेल, तर अडचण फक्त प्रतिसादाची आहे आणि त्यावर साधे उपाय आहेत: आठवण करून देणारा मेल, आणखी दोन आठवड्यांची मुदत, प्रश्नावली पोचवायची दुसरी वाट. अशा वेळी पद्धत बदलायचा मेल पाठवू नका, मुदतवाढीचा पाठवा. आकडेमोडीची धास्ती वाटते म्हणून मुलाखतींकडे वळणाऱ्या मुलीही असतात. त्यांना सांगायचं तर २६ आकड्यांच्या तक्त्यापेक्षा दहा मुलाखतींची दीडशे पानं आवरणं जास्त कठीण जातं.

आपल्या विद्यार्थिनीचं उत्तर मात्र "हो" आहे, आणि त्याचं कारण तिला प्रश्न क्रमांक १७ मध्ये सापडलं. "परतण्याचा निर्णय कोणी घेतला?" या प्रश्नाला २६ पैकी १९ जणींनी "दोघांनी मिळून" या पर्यायावर खूण केली. खाली मोकळ्या चौकटीत एकीने लिहिलं, "मी सांगितलं, कोणी नाही म्हटलं नाही." दुसरीने लिहिलं, "आईने बाळ सांभाळायचं कबूल केल्यावर ठरलं, तोवर विषयच नव्हता." तिसरीने लिहिलं, "हप्ते चालू होते, ठरवण्यासारखं काय होतं?" खूण एकच आहे आणि तिच्याखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १२० उत्तरं आली असती, तरी या खुणांची बेरीजच झाली असती.

पद्धत बदलायचं खरं कारण हेच आहे: प्रश्नावलीला जे मोजायचं होतं, ते तिच्या पर्यायांत मावत नाही. कमी प्रतिसाद ही जोडीची अडचण. तिचाही आकडा द्या, कारण गाईड तो विचारणारच. ०.३ च्या आसपासचा, म्हणजे मध्यम ताकदीचा सहसंबंध दिसायला हवा असेल, तर नेहमीच्या निकषांनी साधारण ८५ पूर्ण उत्तरं लागतात. तिच्याकडे २६ आहेत.

बदलाचे परिणाम आधी कागदावर

मेल छोटा ठेवायचा, पण त्यामागचा विचार झालेला हवा. तीन गोष्टी आधी ठरवून घ्या.

पहिली म्हणजे संशोधनाचा प्रश्न. पद्धत बदलली आणि प्रश्न तोच राहिला, तर परीक्षक तिथेच अडवतात. "सोयींचा निर्णयावर काय परिणाम होतो?" याचं उत्तर दहा मुलाखती देऊ शकत नाहीत. "परतण्याचा निर्णय कसा होतो आणि त्यात ऑफिसच्या सोयी कुठे येतात?" याचं देऊ शकतात. जुना आणि नवा प्रश्न मेलमध्ये एकाखाली एक लिहा. नव्या प्रश्नात "प्रभाव", "परिणाम", "सहसंबंध" यांपैकी एखादा शब्द राहिला असेल, तर तो अजून सर्व्हेचाच प्रश्न आहे असं समजा.

दुसरी म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी. इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. तिला मिळालेली परवानगी निनावी प्रश्नावलीची आहे. मुलाखतीत आवाज रेकॉर्ड होतो, माणूस ओळखू येतो, बोलता बोलता एखादी दुखरी आठवण निघते. म्हणून सुधारित अर्ज, नवं माहितीपत्रक, रेकॉर्डिंगचा स्वतंत्र उल्लेख असलेलं संमतीपत्र आणि मुलाखतीची प्रश्नसूची, एवढं लागतं. मंजुरी येईपर्यंत कुणाचीही मुलाखत घ्यायची नाही. "दोन मैत्रिणींशी बोलून पाहिलं, छान माहिती मिळाली" हे वाक्य उत्साहाने लिहिलं जातं आणि गाईडच्या पोटात गोळा आणतं, कारण ती माहिती प्रबंधात वापरता येत नाही.

मुलाखतीला माणसं कुठून आणणार, हेही याच मुद्द्यात येतं. उदाहरणातल्या प्रश्नावलीच्या शेवटी "पुढील संशोधनासाठी संपर्क केला तर चालेल का?" असा पर्याय होता आणि १४ जणींनी त्यासाठी वेगळ्या फॉर्ममध्ये ईमेल दिला होता. त्यांना लिहिता येईल. फक्त "निष्कर्ष कळवा" म्हणून ज्यांनी पत्ता दिला, त्यांना मुलाखतीसाठी गाठता येणार नाही, त्यांची संमती तेवढ्यापुरतीच होती. शिवाय फॉर्म वेगळा असल्यामुळे कोणत्या ईमेलचं कोणतं उत्तर, हे तिला माहीत नाही. "दोघांनी मिळून"वाल्या निवडून काढेन असं तिला मनात आलं तरी ते जमणार नाही. पहिल्या संपर्कात दोन-तीन छोटे प्रश्न पुन्हा विचारूनच निवड करावी लागेल. हे मेलमध्ये स्वतःहून लिहिलं, तर गाईडचा अर्धा संशय तिथेच मिटतो.

तिसरी म्हणजे वेळ. इथे मुली हमखास फसतात, कारण मुलाखत ४५ मिनिटांची असली तरी ती शब्दशः उतरवून काढायला नवख्या माणसाला चार-पाच तास सहज लागतात. दहा मुलाखती म्हणजे साडेसात तासांचं रेकॉर्डिंग आणि त्याचे ४० ते ५० तास टंकन. आठवड्यांचा हिशेब असा बसतो: मंजुरीला ३, मुलाखती आणि सोबत टंकन ३, उरलेलं टंकन १, विश्लेषण ३, लेखन ३. एकूण १३, हातात १. मंजुरीचे तीन आठवडे रिकामे जात नाहीत, कारण पद्धतीचं प्रकरण तेव्हा नव्याने लिहावं लागतं.

दहाच का, हा प्रश्न येतोच. ग्वेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये ६० मुलाखती तपासून दाखवलं होतं की बहुतेक नवे मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. पण तो गट बराचसा एकसारखा होता. तुमच्या गटात सरकारी, खासगी, कंत्राटी अशा सगळ्या नोकऱ्या असतील, तर हा दाखला तुमच्या कामाचा नाही. गट आधी अरुंद करा, मग आकडा सांगा.

आता मेल

विषयाच्या ओळीत मागणी दिसू द्या. "डेझर्टेशनबद्दल" असा विषय असलेला मेल चार दिवस उघडला जात नाही. पहिल्याच वाक्यात काय हवंय ते लिहा, कारणं नंतर. माफीनामा नको. सर्व्हे फसला म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, आणि "माझ्याकडून खूप चूक झाली" वाचल्यावर गाईडना आधी तुमची समजूत काढावी लागते.

> विषय: सर्व्हेऐवजी मुलाखती: पद्धत बदलण्याचा प्रस्ताव, या आठवड्यात २० मिनिटं हवी आहेत
>
> नमस्कार मॅडम,
>
> सर्व्हे इथेच थांबवून मुख्य माहिती दहा मुलाखतींतून गोळा करावी, असा माझा प्रस्ताव आहे. तुमचं मत हवं आहे.
>
> पाच आठवड्यांत २६ पूर्ण उत्तरं आली (लक्ष्य १२०). पण मोठी अडचण प्रश्न १७ मध्ये दिसली. १९ जणींनी "दोघांनी मिळून" निवडलं आहे, मात्र मोकळ्या उत्तरांत त्याचे अर्थ अगदी वेगळे आहेत. तीन उत्तरं सोबतच्या पानावर दिली आहेत. उत्तरांची संख्या वाढली तरी हा फरक प्रश्नावलीत दिसणार नाही, असं मला वाटतं.
>
> जुना प्रश्न: ऑफिसमधल्या सोयींचा परतण्याच्या निर्णयावर काय परिणाम होतो?
> नवा प्रश्न: परतण्याचा निर्णय कसा होतो आणि त्यात या सोयी कुठे येतात?
>
> विषय, गट आणि साहित्याचा आढावा बहुतांशी तोच राहील. २६ उत्तरं पार्श्वभूमी म्हणून, फक्त वर्णनापुरती वापरेन. त्यांवरून संबंध काढणार नाही.
>
> संपर्काला संमती दिलेल्या १४ जणी आहेत. त्यांची सर्व्हेतली उत्तरं ईमेलशी जोडलेली नाहीत, म्हणून निवडीचे प्रश्न पुन्हा विचारावे लागतील. एथिक्सच्या सुधारित अर्जाचा मसुदा तयार आहे. मंजुरीआधी कुणाशीही संपर्क करणार नाही.
>
> वेळापत्रक सोबत आहे. १३ आठवडे लागतील, १ हाताशी राहील. मंजुरीला तीनपेक्षा जास्त आठवडे लागले, तर मुलाखती सातवर आणेन.
>
> गुरुवारी किंवा शुक्रवारी २० मिनिटं मिळतील का? कमिटीकडे अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा आहे.
>
> आपली,
> (नाव, रोल नंबर)

सोबत एकच पान जोडा: वर ती तीन उत्तरं, खाली वेळापत्रक. उत्तरांतून व्यक्ती ओळखू येईल असा तपशील, जसं हुद्दा किंवा कंपनीचं नाव, आधी काढून टाका.

सातचा पर्याय उगीच घातलेला नाही. प्रस्ताव वाचताना गाईडच्या मनात पहिला विचार येतो तो "अडकली तर?" त्याचं उत्तर मेलमध्येच असलं, की बोलणं मूळ प्रश्नाकडे वळतं.

उत्तर आल्यावर

बऱ्याचदा गाईड मधला मार्ग सुचवतात: सर्व्हे चालू ठेवा आणि चार-पाच मुलाखतीही घ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात दोन विश्लेषणं आणि त्यांना जोडणारं एक प्रकरण येतं. चौदा आठवड्यांत ते झेपणार नसेल, तर बैठकीत वेळापत्रक समोर ठेवून तसं सांगा. मेलवरून वाद घालू नका.

होकार मिळाला, तर त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल पाठवा: काय ठरलं, कोणती तारीख, कोणाची सही बाकी. नोंदवलेलं शीर्षक बदलणार असेल, तर विभागाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो का, हेही त्यातच विचारा. आणि सर्व्हेची लिंक बंद करा. ती उघडी राहिली, तर महिन्याभराने सत्ताविसावं उत्तर येतं आणि त्याचं काय करायचं यावर आणखी एक मेल लिहावा लागतो.