‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘शिवाय’: जोडशब्दांच्या या चुका टाळा

पुढील परिच्छेद एका काल्पनिक अहवालातला आहे. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही आणि प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे वाचले तर समजतेही.

“या वर्षी आम्ही रोपांना ठिबक पद्धतीने पाणी दिले. त्यामुळे पाण्याचा वापर कमी झाला. तसेच रोपांची वाढ मंदावली. म्हणून मातीच्या खालच्या थरात ओलावा कमी होता. मात्र, खतही कमी पडले.”

तरीही हा परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. दोन वाक्यांमधील नाते सांगण्यासाठी लेखकाने ज्या उभयान्वयी अव्ययांची योजना केली आहे, ती त्या वाक्यांमध्ये नसलेली नाती सांगत आहेत, हे त्याचे कारण होय. जोडशब्द हा वाक्याच्या आरंभी ठेवलेला अलंकार नसून ते एक विधान असते. ‘त्यामुळे’ लिहिणारा ‘पहिल्या गोष्टीने दुसरी घडवली’ असे सांगत असतो आणि ते विधान इतर कोणत्याही विधानाप्रमाणे खोटे ठरू शकते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ यांच्याबाबत होतो, म्हणून आधी त्यांचाच विचार करू. ‘त्यामुळे’ या शब्दातच ‘मुळे’ आहे. तो एका घटनेपासून तिच्या परिणामाकडे जातो. “वीज गेली, त्यामुळे यंत्र थांबले” हे वाक्य निर्दोष आहे. पण “खोलीत दिवा जळत आहे, त्यामुळे तो आत आहे” हे वाक्य पाहा. दिवा जळल्याने कोणी खोलीत येत नाही. उलट, कोणीतरी आत असल्यामुळे दिवा जळत असावा. येथे दिवा हे कारण नसून खूण आहे, आणि खुणेवरून काढलेल्या अनुमानासाठी मराठीत वेगळी रचना आहे: “खोलीत दिवा जळत आहे, यावरून तो आत असावा” किंवा “ज्याअर्थी दिवा जळत आहे, त्याअर्थी तो आत असावा.” जोडशब्दाबरोबर क्रियापदही बदलले, ‘आहे’चे ‘असावा’ झाले, याकडे लक्ष द्यावे. अनुमान निश्चित विधानाच्या थाटात मांडले गेले, तर वाचकाला ते निरीक्षण वाटते.

‘म्हणून’ अधिक निसरडा आहे, कारण व्याकरणात तो तीन ठिकाणी येतो. “वीज गेली म्हणून यंत्र थांबले” यात तो परिणामबोधक आहे, “यंत्र थंड राहावे म्हणून पंखा बसवला” यात उद्देशबोधक आहे, आणि ‘असे’ किंवा ‘की’ यांच्या अर्थाने येतो तेव्हा स्वरूपबोधक असतो. पहिल्या दोहोंमधला फरक क्रियापदाच्या रूपावरून कळतो; ‘राहावे’ हे विध्यर्थी रूप आले की उद्देश स्पष्ट होतो. तिसरा मात्र पहिल्यात सहज मिसळतो. “बैठक रद्द झाली म्हणून त्यांनी कळवले” या वाक्याचे दोन अर्थ होतात: बैठक रद्द झाल्याची बातमी त्यांनी दिली, किंवा बैठक रद्द झाल्याच्या कारणाने त्यांनी आणखी काहीतरी कळवले. बोलताना आवाजाच्या चढउताराने हे निभावते, लिहिताना निभावत नाही. अशा ठिकाणी “बैठक रद्द झाल्याचे त्यांनी कळवले” असे लिहून ‘म्हणून’ला सुट्टी द्यावी.

याच शब्दाची आणखी एक चूक म्हणजे कारण दोनदा बांधणे. “कारण वेळ नव्हता म्हणून काम राहिले” या वाक्यात ‘कारण’ आणि ‘म्हणून’ एकच काम करतात. त्यांपैकी एक पुरे. “जरी सूचना दिली होती, परंतु कोणी आले नाही” हे वाक्यही तसेच आहे. ‘जरी’ची जोडी ‘तरी’शी आहे. ‘परंतु’ वापरायचा असेल, तर ‘जरी’ काढावा.

आता ‘मात्र’. वाक्याच्या आरंभी ‘मात्र’ लिहून त्यापुढे स्वल्पविराम देण्याची सवय हल्ली फार दिसते. ती चूकच आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे या शब्दाचे एक मोठे सामर्थ्य वाया जाते. ‘मात्र’ ज्या शब्दामागे येतो, त्या शब्दावर विरोधाचा भार पडतो. “समितीने मात्र अहवाल नाकारला” म्हणजे इतरांनी तो स्वीकारला होता. “समितीने अहवाल मात्र नाकारला” म्हणजे समितीने बाकीच्या गोष्टी मान्य केल्या होत्या. वाक्यारंभी बसवलेला ‘मात्र’ यांपैकी कोणता विरोध अभिप्रेत आहे, हे सांगत नाही. ‘मात्र’ आणि ‘तरीही’ यांच्यातही भेद ठेवावा. ‘तरीही’ वापरण्यासाठी आधीच्या वाक्याने एखादी अपेक्षा निर्माण केलेली असावी लागते आणि पुढच्या वाक्याने ती मोडावी लागते. नुसत्या फरकासाठी ‘मात्र’ पुरेसा आहे.

‘शिवाय’ आणि ‘तसेच’ हे शब्द त्याच दिशेची भर घालतात. आधी लाभ सांगून पुढे तोटा सांगायचा असेल, तर त्यांच्यामध्ये ‘तसेच’ बसत नाही. ‘याशिवाय’ लिहिताना तर विशेष जपावे, कारण त्याचा अर्थ ‘याखेरीज आणखी’ असाही होतो आणि ‘हे नसल्यास’ असाही होतो. “अर्जाला ओळखपत्राची प्रत जोडावी. याशिवाय छायाचित्र जोडावे” आणि “अर्जाला ओळखपत्राची प्रत जोडावी. याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही” या दोन्ही ठिकाणी वाचकाला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. पहिल्यात ‘छायाचित्रही’ असे लिहिल्याने काम होते, दुसऱ्यात ‘प्रत नसल्यास’ असे लिहावे.

आता सुरुवातीच्या परिच्छेदाकडे परत येऊ. दुरुस्तीची माझी रीत अशी: सगळे जोडशब्द खोडायचे आणि प्रत्येक दोन वाक्यांमधले नाते समासात साध्या शब्दांत लिहायचे. पहिल्या जोडीत ‘परिणाम’ असे येते, म्हणजे ‘त्यामुळे’ योग्यच होता. पाण्याची बचत हा लाभ आणि मंदावलेली वाढ हा तोटा, म्हणून तेथे ‘तसेच’ जाऊन ‘मात्र’ येतो, आणि तोही ‘वाढ’ या शब्दामागे. ओलावा कमी असणे हा मंदावलेल्या वाढीचा परिणाम नसून तिचे कारण आहे. मूळ परिच्छेदातल्या ‘म्हणून’ने ही दिशा उलटी केली होती. खताची कमतरता हे दुसरे कारण, त्यामुळे तेथे विरोध नसून भर आहे.

“या वर्षी आम्ही रोपांना ठिबक पद्धतीने पाणी दिले, त्यामुळे पाण्याचा वापर कमी झाला. रोपांची वाढ मात्र मंदावली, कारण मातीच्या खालच्या थरात ओलावा कमी होता; शिवाय खतही कमी पडले.”

‘शिवाय’च्या आधी पूर्णविराम न देता अर्धविराम दिला आहे, तो दुसरे कारण पहिल्या कारणाशेजारीच राहावे यासाठी. एक प्रश्न तेवढा लेखकालाच विचारावा लागेल: खालच्या थरातील ओलावा त्याने खरोखर मोजला होता का? मोजला असेल, तर वरील ‘कारण’ टिकते. नुसत्या मंदावलेल्या वाढीवरून त्याने तसा तर्क केला असेल, तर तेथे पूर्णविराम देऊन पुढे लिहावे लागेल, “यावरून मातीच्या खालच्या थरात ओलावा कमी असावा.” मग खताचे वाक्यही तपासावे लागेल, कारण अनुमानामागे ‘शिवाय’ लावून ठाम विधान जोडले, तर वाचक दोन्ही गोष्टी सारख्याच खात्रीच्या मानतो.