चोवीस कॅमेऱ्यांचा रेकॉर्डिंग पीसी बांधताय? या चुका टाळा

पुण्यातल्या एका सोसायटीचा पीसी माझ्याकडे आला तो तक्रारीसकट. पार्किंगमधून रात्रीत स्कूटर गेली होती. सेक्रेटरींनी फुटेज उघडलं, तर २ वाजून ११ मिनिटांनंतर चित्र थेट २ वाजून १९ वर उडी मारत होतं. मधली आठ मिनिटं नव्हतीच. मागचे दिवस चाळल्यावर दिसलं, की अशा फटी रोजच्याच आहेत आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या वेळी पडतात. सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ऑफिसातल्या टीव्हीवर चोवीसही चौकोन छान हलत होते.

पहिली गफलत इथेच होते. लाइव्ह चित्र दिसणं आणि रेकॉर्डिंग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइव्ह चित्र डिस्कला हातही न लावता पडद्यावर येतं.

पीसीत प्रोसेसर चांगला होता, मेमरी १६ जीबी होती, आणि ८ टीबीच्या दोन साध्या डेस्कटॉप डिस्क होत्या. दुकानदाराने सांगितलं होतं, "टीबी तेवढेच, मग जास्त पैसे कशाला?" हिशेब करून पाहू. एका कॅमेऱ्याचा बिटरेट ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला अर्धा एमबी आणि दिवसाला ४३.२ जीबी. चोवीस कॅमेऱ्यांचे झाले दिवसाला साधारण १.०४ टीबी आणि वर्षाला जवळजवळ ३७९ टीबी. पण सेकंदाचा आकडा फक्त १२ एमबी येतो. कुठलीही आजची डिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभराहून जास्त एमबी सहज लिहिते. मग ती १२ एमबीला का अडखळावी?

कारण त्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या. या पद्धतीत चकतीवरचे लेखनाचे माग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती मावते. पण कौलारू छपरातलं मधलं कौल बदलायचं तर वरची कौलंही उचलावी लागतात, तसंच इथेही जुन्या जागी नवं लिहायला आजूबाजूचा पट्टा नव्याने लिहावा लागतो. डिस्क यावर एक युक्ती करते. आलेला मजकूर आधी एका छोट्या मोकळ्या भागात टाकते आणि काम थांबलं, की निवांत जागेवर लावते. घरच्या पीसीत हे खपून जातं, कारण तिथे डिस्क बहुतेक वेळ रिकामी बसलेली असते. चोवीस कॅमेऱ्यांना मात्र निवांतपणा ठाऊकच नाही. डिस्क पहिल्यांदा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. एकदा भरली आणि जुनं पुसून नवं लिहिणं सुरू झालं, की तो मोकळा भाग तुंबतो. मग डिस्क काही वेळ जवळजवळ थिजते, सॉफ्टवेअरची रांग ओसंडते आणि फ्रेम टाकून दिल्या जातात. म्हणून हा दोष नवा पीसी तपासताना दिसत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी उगवतो.

ओळखायचं कसं? लिनक्सवर ही आज्ञा चालवून थोडा वेळ बघत बसा:

```
iostat -x 5
```

लेखनाचा वेग `wkB/s` फक्त काही हजार, पण डिस्कची व्यस्तता `%util` शंभराला टेकलेली आणि लेखनाला लागणारे मिलिसेकंद `w_await` हजारांत, असं दिसलं तर डिस्क घुसमटते आहे. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त, वेग मात्र दोन-चार एमबी, हे त्याच दुखण्याचं लक्षण.

सर्व्हेलन्स डिस्क, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, घ्यायची ती स्टिकरच्या रंगासाठी नव्हे. ती दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेली असते आणि या दोन्ही मालिकांच्या साध्या मॉडेलना वर्षाला १८० टीबीपर्यंतच्या कामाची मर्यादा दिलेली असते. तरीही खरेदीआधी त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे माग एकमेकांवर न चढवणारी पद्धत, लिहिलंय का ते पाहा. आता आपला ३७९ चा आकडा आठवा. सगळे कॅमेरे एकाच डिस्कवर टाकले तर सर्व्हेलन्स डिस्कही दुपटीने राबते. जागा पुरते म्हणून एकच मोठी डिस्क घेणारे इथे फसतात.

दुसरा फरक कमी लोकांना माहीत असतो. एखादा सेक्टर खराब निघाला, की साधी डिस्क तो वाचण्याची खटपट मिनिटभरही करत बसू शकते. घरच्या फोटोंसाठी हे चांगलंच. पण लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंद वाट पाहतं आणि मग जोडणी रीसेट करतं. तोवर त्या डिस्कवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं लेखन अडकतं. सर्व्हेलन्स डिस्क सहसा काही सेकंदांत नाद सोडते. तुमच्या डिस्कची मर्यादा किती, हे असं कळतं:

```
smartctl -l scterc /dev/sdb
```

उत्तरात ७० दिसलं तर ७ सेकंद, कारण आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. `not supported` आलं तर ती डिस्क या कामाची नाही.

सोसायटीसाठी मी ८ टीबीच्या तीन सर्व्हेलन्स डिस्क घेतल्या आणि प्रत्येकीवर आठ कॅमेरे नेमून दिले. दर डिस्कला वर्षाला १२६ टीबी लेखन येतं, म्हणजे मर्यादेच्या बऱ्यापैकी आत. दहा टक्के जागा मोकळी ठेवूनही वीस दिवसांचं फुटेज राहतं. अनेक डिस्क एकत्र बांधून एक गेली तरी डेटा राखणारी रेड पद्धत वापरली नाही. रेड-५ मध्ये डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणी अखंड लेखन चालू असतानाच करावी लागते आणि तेव्हाच दुसरी डिस्क दगा देण्याची भीती असते. इथे एक डिस्क गेली तर आठ कॅमेऱ्यांचा इतिहास जाईल, बाकी सोळा शाबूत. मात्र शेजारशेजारचे कॅमेरे एकाच डिस्कवर देऊ नका. गेटचा आतला आणि बाहेरचा कॅमेरा वेगवेगळ्या डिस्कवर हवा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरचा डेटाबेस वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवला.

एवढं करूनही काही कॅमेऱ्यांचं चित्र मधूनच फाटत होतं. या वेळी डिस्क निर्दोष होत्या. नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारे तीन पीओई स्विच एकामागे एक जोडलेले होते आणि शेवटच्यातून पीसीकडे येणारं पोर्ट १०० एमबीपीएसचं होतं. मुख्य स्ट्रीमचे ९६ आणि टीव्हीसाठीच्या सबस्ट्रीमचे अर्ध्या एमबीपीएसने १२, एकूण १०८. नळ लहान पडत होता. स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत पोर्टांची संख्या असते, अपलिंकचा, म्हणजे पुढे पीसीकडे जाणाऱ्या पोर्टचा वेग बारीक अक्षरांत. गिगाबिट अपलिंकचा स्विच लावला आणि फाटणं थांबलं.

स्विचची आणखी एक खोड. संध्याकाळी सातच्या सुमारास चार-पाच कॅमेरे एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असतील, तर कॅमेऱ्यांना दोष देण्याआधी स्विचची एकूण वॅट क्षमता पाहा. अंधार पडला, की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याची विजेची भूक वाढते.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक, आणि ही माझीच. दोन महिन्यांनी वीज गेली. आल्यावर पीसी सुरू झाला, पण दुसरी डिस्क उठली नाही. पॉवरचा स्प्लिटर सैल होता, आणि सुरू होताना चकती फिरवायला डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते. तेवढा तिथून मिळाला नाही. एक डिस्क नसली तरी पीसी अडू नये म्हणून कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ते सांगणाऱ्या `fstab` फाइलमध्ये मी `nofail` लिहिलं होतं. त्यामुळे `/mnt/d2` हे फोल्डर होतं, फक्त त्यामागे डिस्क नव्हती. सॉफ्टवेअरला काय त्याचं! आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मुकाट त्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, जाऊ लागलं. तासाला १४.४ जीबी. एसएसडीवर १८० जीबी मोकळी होती, साडेबारा तासांत ती भरली, डेटाबेस लिहिता येईना आणि चोवीसच्या चोवीस कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थांबलं. एका सैल पिनेपायी.

उपाय अगदी साधा आहे. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बंद करा, डिस्क उतरवा आणि मागे राहणाऱ्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घाला:

```
umount /mnt/d2
chattr +i /mnt/d2
mount /mnt/d2
findmnt /mnt/d2
```

आता डिस्क नसेल तर त्या फोल्डरमध्ये रूटलाही काही लिहिता येत नाही. ते आठ कॅमेरे एरर देतील, बाकीचे चालू राहतील. तिन्ही डिस्कसाठी हे करा. स्प्लिटर काढून पॉवर सप्लायच्या स्वतःच्या केबल वापरा.

विजेवरून आणखी एक. बायोसमध्ये `Restore on AC Power Loss` ला `Power On` करायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी एखाद्या सकाळी पीसी बंदच सापडतो. होतं असं, की बॅटरी उतरत आली म्हणून यूपीएस पीसीला शिस्तीत बंद करायला लावतो, आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत येते. पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, मग तो सुरू कशाला होईल? म्हणून पीसी बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुटही थोडा वेळ तोडलं पाहिजे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे का, ते विकत घेण्याआधी विचारा. आणि स्विचही त्याच यूपीएसवर घ्या. नाहीतर पीसी अंधारात रिकाम्या चौकटी रेकॉर्ड करत बसेल.

सेक्रेटरींनी विचारलं, "मग आम्हाला कळायचं कसं?" टीव्हीकडे बघून नाही. दर तासाला प्रत्येक डिस्कसाठी हे चालवा आणि काहीच छापलं गेलं नाही, तर मोबाइलवर संदेश जाईल असं लावा:

```
find /mnt/d1 -name '*.mp4' -mmin -10 | head -1
```

यातून फक्त शेवटच्या दहा मिनिटांत त्या डिस्कवर काहीतरी लिहिलं गेलं एवढंच कळतं, चित्र धड आहे का ते नाही. म्हणून दर सोमवारी वॉचमनकाका कुठल्याही तीन कॅमेऱ्यांचं आदल्या रात्रीचं तीनचं फुटेज उघडून पाहतात आणि रजिस्टरमध्ये सही करतात. मागच्या महिन्यात त्यांनीच जिन्याचा कॅमेरा पकडला. कोळ्याने लेन्ससमोर जाळं विणलं होतं आणि इन्फ्रारेडच्या उजेडात रात्रभर तेच पांढरंशुभ्र झुलत होतं.