YIELD मध्ये कुठली प्राइस टाकायची? माझा पहिल्या महिन्याचा अनुभव

बीकॉम झाल्यावर नाशिकमधेच एका सहकारी बँकेत ट्रेझरीच्या बॅक ऑफिसला लागलो, काम म्हणजे सरकारी बाँडच्या एक्सेल शीट सांभाळायच्या. तिथे एक चूक झाली आणि ती नवीन माणसाकडून हमखास होते म्हणून नीट सांगतो.

आकडे सोपे करून घेतो. बाँड ७ टक्के कूपनचा, मॅच्युरिटी १५ एप्रिल २०३०, सेटलमेंट १५ जुलै २०२५, फेस व्हॅल्यू १० लाख आणि खात्यातून गेले १०,१७,५००. मी ते शंभराच्या हिशोबात आणलं, १०१.७५ आले, आणि तेच टाकलं.

```
=YIELD(DATE(2025,7,15),DATE(2030,4,15),7%,101.75,100,2,4)
```

उत्तर आलं ६.५६%. खात्री करायला तेच यील्ड PRICE मध्ये टाकलं तर बरोब्बर १०१.७५ परत आले, म्हटलं झालं काम. मॅडमनी शीट बघितली आणि लगेच म्हणाल्या, "अरे, सात टक्क्याचा बाँड शंभराला घेतलाय, मग यील्ड साडेसहा कसं काय?"

झालं असं की त्या १०१.७५ मधे १.७५ हे मागच्या मालकाचं व्याज होतं. १५ एप्रिलला कूपन मिळालं, त्यानंतर तीन महिने बाँड त्याच्याकडे होता, सहामाही कूपन ३.५० तर निम्मं १.७५ त्याचं, ते आपण त्याला आधीच देतो आणि ऑक्टोबरच्या कूपनमधून आपल्याला परत मिळतं. ह्याला अॅक्रूड इंटरेस्ट म्हणतात आणि ते वगळून जी राहते ती क्लीन प्राइस. PRICE क्लीन प्राइसच देतं, YIELD ला पण तीच लागते, अॅक्रूड ते आतल्या आत स्वतः मिळवतं. म्हणजे मी १.७५ दोनदा मोजले होते.

```
=YIELD(DATE(2025,7,15),DATE(2030,4,15),7%,100,100,2,4)
```

आता ६.९९६%. पूर्ण सात का नाही, तर अॅक्रूड सरळव्याजाने मोजतात आणि डिस्काउंटिंग चक्रवाढीने होतं, कूपनच्या तारखेलाच घेतला असता तर बरोबर सात आलं असतं.

उलटा ताळा करून ही चूक कधीच सापडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही फंक्शन एकमेकांची उलटी आहेत, चुकीचा आकडा घातला तरी तोच परत देणार. त्यापेक्षा आधी डोळ्याने बघा, क्लीन प्राइस शंभरच्या आसपास असेल तर यील्ड कूपनच्या आसपासच हवं, शंभरच्या वर असेल तर कूपनपेक्षा कमी, खाली असेल तर जास्त.

शेवटचे 2 आणि 4 म्हणजे सहामाही कूपन आणि युरोपियन ३०/३६० दिवसमोजणी, आपल्या सरकारी बाँडला हेच चालतं. तारीख मात्र DATE ने द्या, कारण हाताने ५/७ लिहिलं तर कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे ५ जुलैचं ७ मे होऊ शकतं आणि एररसुद्धा दिसत नाही.

आता मी डील स्लिपवरून क्लीन प्राइस एका कॉलममधे, अॅक्रूड शेजारच्या कॉलममधे लिहितो, आणि दोघांची बेरीज खात्यातून गेलेल्या रकमेशी जुळली की मगच YIELD लावतो.