टीव्हीला कॉम्प्युटरचा मॉनिटर करताना अक्षरे धूसर दिसतात? या चुका टाळा

घरातला ३२ इंची टीव्ही एचडीएमआय केबलने कॉम्प्युटरला जोडला की चित्रपट उत्तम दिसतो, पण एक्सेलमधले आकडे मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तसे दिसतात. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल बदलतात आणि पैसे वाया घालवतात. एचडीएमआयमधून जाणारा सिग्नल डिजिटल असतो. केबल खराब असेल तर पडदा मध्येच काळा होतो, चित्रात ठिपके चमकतात किंवा चित्रच येत नाही, पण अक्षरांच्या कडा त्यामुळे मऊ होत नाहीत. कडा मऊ होतात त्या बहुधा कॉम्प्युटरने पाठवलेला एक पिक्सेल टीव्हीच्या पॅनेलवरच्या नेमक्या एका पिक्सेलवर पडत नसल्यामुळे.

हे डोळ्यांनी तपासता येते. विंडोजमधील Scale तात्पुरते १०० टक्के करावे, पेंटमध्ये एक पिक्सेल जाडीच्या उभ्या काळ्या रेषा एकाआड एक अशा काढाव्यात आणि ते चित्र १०० टक्के आकारात टीव्हीवर पाहावे. जवळ गेल्यावर प्रत्येक रेषा सुटी आणि सारख्या काळेपणाची दिसली, तर पिक्सेल जागच्या जागी पडत आहेत. रेषांऐवजी राखाडी लाटा किंवा फिकट-गडद पट्टे दिसले, तर वाटेत कुणीतरी चित्राचा आकार बदलत आहे. पुढची प्रत्येक दुरुस्ती केल्यावर याच चित्राकडे परत यावे.

रिझोल्यूशन: यादीत निवडले म्हणजे टीव्हीपर्यंत पोहोचले असे नाही

माझ्या भावाकडे ‘एचडी रेडी’ टीव्ही आहे. त्याच्या पॅनेलवर १३६६ × ७६८ पिक्सेल आहेत, पण हा टीव्ही एचडीएमआयवरून १९२० × १०८० चा सिग्नलही स्वीकारतो आणि तसे कॉम्प्युटरला कळवतो, म्हणून विंडोजने आपणहून तेच निवडले. आता १९२० पिक्सेल १३६६ मध्ये बसवायचे म्हणजे सुमारे १.४ पिक्सेल एका पिक्सेलमध्ये दाबायचे. इंग्रजी ‘l’ चा दांडा एक पिक्सेल जाडीचा असेल तर तो कुठे एका पिक्सेलवर गडद पडतो, कुठे दोन पिक्सेलांत वाटला जाऊन राखाडी होतो. एकाच शब्दातले दोन ‘l’ त्यामुळे वेगळे दिसतात.

भावाने यादीतून १३६६ × ७६८ निवडले आणि अक्षरे आणखीच बिघडली. Settings → System → Display → Advanced display मध्ये पाहिल्यावर कारण कळले. तेथे डेस्कटॉपचे रिझोल्यूशन आणि Active signal असे दोन वेगळे आकडे दिसतात. डेस्कटॉप १३६६ × ७६८ झाला होता, पण बाहेर जाणारा सिग्नल १९२० × १०८० च राहिला होता. म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर चित्र आधी मोठे करत होता आणि टीव्ही ते पुन्हा लहान करत होता. त्याच पानावरील Display adapter properties उघडून List All Modes मधून १३६६ × ७६८, ६० हर्ट्झ निवडल्यावर दोन्ही आकडे एक झाले आणि पेंटमधल्या रेषा सुट्या झाल्या.

या यादीत १३६६ नसेल तर १३६० × ७६८ पाहावे. १३६६ ला आठने पूर्ण भाग जात नसल्यामुळे अनेक टीव्ही तो आकडा न देता हा जवळचा देतात. दोन्ही नसतील तर टीव्हीच्या मागे व्हीजीए सॉकेट आहे का ते बघावे, कारण काही जुने टीव्ही पॅनेलचे खरे रिझोल्यूशन फक्त त्या मार्गाने घेतात. तेही नसेल तर १९२० × १०८० ठेवून Scale १५० टक्के करणे मला सर्वांत बरे वाटते. धूसरपणा राहतो, पण दांडे जाड झाल्याने वाचता येते.

कडा कापल्या जाणे आणि त्यावरचा चुकीचा इलाज

फुल एचडी टीव्हीवर रिझोल्यूशन बरोबर असूनही टास्कबार अर्धा गायब असतो. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या वेड्यावाकड्या कडा लपवण्यासाठी ते थोडे मोठे करून दाखवत असत, ती सवय सपाट टीव्हींतही उरली आहे. समजा प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापले गेले, तर १९२० × १०८० पैकी फक्त १८२४ × १०२६ पिक्सेल उरतात आणि तेच ताणून पूर्ण पडद्यावर पसरवले जातात. तळाच्या २७ ओळी जातात, आणि विंडोज ११ चा टास्कबार ४८ ओळींचा असतो. अर्ध्याहून अधिक टास्कबार गेला तो असा.

येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून चित्र आकसून घेणे. टास्कबार परत दिसतो आणि काम झाले असे वाटते, पण आता ड्रायव्हर चित्र लहान करतो व टीव्ही ते मोठे करतो, म्हणून अक्षरे पूर्वीइतकीच मऊ राहतात. इलाज टीव्हीच्या रिमोटवरूनच करावा. चित्राच्या आकाराच्या मेनूत १६:९ ऐवजी Just Scan, Screen Fit, Fit to screen किंवा Full Pixel अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडून ड्रायव्हरमधील आकसणे पुन्हा शून्यावर आणावे.

शार्पनेस वाढवू नये

अक्षरे मऊ दिसली की हात टीव्हीच्या Sharpness कडे जातो. हे सेटिंग नवा तपशील आणत नाही. ते कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक कृत्रिमपणे वाढवते. राखाडी पार्श्वभूमीवर काळे अक्षर ठेवून जवळून पाहिले तर त्याभोवती पांढरट कडा दिसते. ही कडा नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणावा आणि तेथेच थांबावे. काही टीव्हींत ही तटस्थ जागा शून्यावर असते, काहींत पट्टीच्या मध्यावर. मध्याच्या खाली गेल्यास असे टीव्ही चित्र उलट मऊ करतात, म्हणून सरसकट शून्य करू नये.

फोरके टीव्हीवर फक्त रंगीत अक्षरे फुटत असतील तर

पांढऱ्यावर काळे अक्षर स्वच्छ, पण काळ्यावर लाल किंवा निळ्यावर लाल अक्षर पसरलेले दिसते, तेव्हा कारण वेगळे असते. सिग्नल पाठवण्याच्या ४:२:० या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांना मिळून एकच जाते. चित्रपटात हे जाणवत नाही, बारीक अक्षरांत लगेच जाणवते. फोरके ६० हर्ट्झवर पूर्ण रंग पाठवायला एचडीएमआय २.० लागते, आणि अनेक टीव्हींत तो वेग प्रत्येक पोर्टसाठी मेनूतून सुरू करावा लागतो: सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Ultra HD Deep Colour, सोनीमध्ये HDMI signal format मधील Enhanced format. याच्या जोडीला सॅमसंग व एलजीच्या अनेक टीव्हींत इनपुटचे नाव किंवा चिन्ह बदलून PC करावे. त्यामुळे टीव्ही रंग न कापता दाखवतो आणि चित्रावरची बरीचशी प्रक्रियाही थांबवतो. त्यानंतर Advanced display मध्ये Color format समोर RGB दिसते का ते पाहावे. लॅपटॉपचे पोर्ट एचडीएमआय १.४ चे असेल तर फोरकेमध्ये पूर्ण रंग फक्त ३० हर्ट्झवर मिळतो आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. अशा लॅपटॉपवर १९२० × १०८०, ६० हर्ट्झ निवडावे, कारण फोरकेची रुंदी आणि उंची याच्या बरोबर दुप्पट असल्याने प्रत्येक पिक्सेल चार पिक्सेलांत समान बसू शकतो.

एवढे झाल्यावरच अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारे विंडोजचे ClearType चालवावे. मुळात आकार बदलत असलेल्या चित्रावर ते आधी चालवले, तर अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक तेवढी वाढते.