यूएसडीटी पाठवताय? आधी नेटवर्क विचारा

समजा, नाशिकरोडच्या मित्राला डॉलरशी जोडलेल्या यूएसडीटी या क्रिप्टो नाण्याचे ५०० पाठवायचेत आणि त्याच्या क्रिप्टो एक्स्चेंजवरचा जमा पत्ता 0x ने सुरू होतो. इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेन, या दोन्ही नेटवर्कवर पत्ता असाच दिसतो, त्यामुळे अ‍ॅप चूक पकडत नाही. एक्स्चेंज फक्त इथेरियमवर जमा घेत असेल आणि तुम्ही बीएनबी निवडलंत, तर पैसे पोचतात, पण दुसऱ्याच खातेवहीत. त्या पत्त्याची गुप्त चावी एक्स्चेंजकडे, त्यामुळे मित्राचा हात तिथे पोचत नाही. त्याचं स्वतःचं वॉलेट असेल, तर मात्र बहुधा ते नेटवर्क जोडून मिळतात.

म्हणून नेटवर्क फोनवर विचारा, पत्त्याची सगळी अक्षरं जुळवा आणि आधी १० पाठवा, फक्त एक्स्चेंजच्या किमान मर्यादेहून कमी नको. ते मित्राच्या खात्यात दिसले की मगच उरलेले ४९०, त्याच नेटवर्कवरून.